दहा मिनिटांत खरोखर संपणारा सिनेमा: लघुपट आणि अँथॉलॉजी शोधायची पद्धत

चहाच्या सुट्टीत लघुपट बघायला मोबाइल काढायचा, सात मिनिटं शोधण्यात घालवायची आणि उरलेल्या तीन मिनिटांत कशाचा तरी ट्रेलर बघून जागेवर परतायचं, असं अनेकांचं होतं. लघुपट कमी आहेत म्हणून हे होत नाही. शोधणं आणि बघणं ही दोन्ही कामं आपण एकाच सुट्टीत उरकायला जातो, म्हणून होतं. दुसरं कारण असं की 'शॉर्ट' असा शिक्का दिसला की आपण मिनिटं बघतच नाही. ऑस्करच्या नियमात श्रेयनामावलीसकट ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट धरला जातो. चाळीस मिनिटांत चहाच काय, जेवणसुद्धा होतं.

खालचा क्रम शक्यतो मोडू नका. पहिले पाच टप्पे सुट्टीच्या बाहेर, शनिवारी-रविवारी निवांत बसून करायचे आहेत. प्रत्यक्ष सुट्टीत फक्त सहावा.

## १. आधी आपली दहा मिनिटं मोजा

दहा मिनिटांच्या सुट्टीत दहा मिनिटांचा लघुपट बसत नाही. इअरफोन शोधणं, जागा धरणं, सुरुवातीची जाहिरात, मग निर्मात्यांच्या पाट्या आणि सूचना, यात दीड-दोन मिनिटं जातात. शिवाय चांगला लघुपट संपल्यावर अर्धं मिनिट तरी डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि तेवढ्यात कुणी हाक मारली तर बघितल्याचा निम्मा आनंद जातो. म्हणून दहाच्या सुट्टीसाठी आठ मिनिटांची मर्यादा ठेवा. पंधराच्या सुट्टीत बारा मिनिटांचा मावतो.

उलट बाजूने एक सवलत आहे. लांबीत शेवटची श्रेयनामावलीही मोजलेली असते. नऊ मिनिटांच्या लघुपटात शेवटचं एक मिनिट नावांचं असेल, तर गोष्ट आठ मिनिटांचीच आहे. यादी करताना शेवटाकडे सरकवून नावं कुठे सुरू होतात ते बघा आणि गोष्टीची लांबी तीच धरा. फक्त शेवटचं दृश्य दिसू नये म्हणून थोडं अलीकडे थांबा.

तपासा: तुमची सुट्टी कुठे होते? कँटीनमध्ये टेबलाभोवती चारजण असतील तर संवादांवर चालणारा लघुपट वाया जातो. अशा जागेसाठी बिनसंवादाचे वेगळे काढून ठेवा. पुढे याचा फार उपयोग होतो.

## २. शोध नावापासून सुरू करा, शोधपेटीपासून नाही

बहुतेकांची पहिली चूक इथेच होते. `short film` असं टाकून शोधलं की उभ्या पडद्याचे शॉर्ट्स, ट्रेलर, 'शेवटाचा अर्थ' सांगणारे व्हिडिओ आणि भडक चित्र लावलेल्या उपदेशकथा यांची रास पडते. आधी नावं गोळा करा, मग ती नावं शोधा.

नावं कुठून आणायची? सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे पुरस्कारांच्या जुन्या याद्या. मात्र त्यातही विभाग ओळखावा लागतो. ऑस्करच्या तीन लघुपट विभागांपैकी ॲनिमेशनच्या विभागात दहा मिनिटांच्या आतले लघुपट सर्रास सापडतात. अभिनेत्यांना घेऊन केलेले बरेचसे पंधरा ते तीस मिनिटांचे असतात आणि माहितीपट त्याहून लांब. आपल्या राष्ट्रीय पुरस्कारांतल्या नॉन-फीचर विभागाचंही तसंच. नागराज मंजुळे यांच्या 'पिस्तुल्या'ला तिथे पदार्पणाचा पुरस्कार मिळाला, पुढे 'पावसाचा निबंध'लाही त्यांना दिग्दर्शनाचा मिळाला. दोन्ही आवर्जून बघावेत असे, पण चहाच्या सुट्टीत न मावणारे. ते रात्रीच्या जेवणानंतरसाठी ठेवा.

यादी यंदाची घेऊ नका. अनेक महोत्सवांना आधी इंटरनेटवर न आलेला लघुपट हवा असतो. त्यामुळे ताज्या विजेत्याचं नाव शोधलं की ट्रेलर मिळतो आणि पिक्चर मिळत नाही. दोन-तीन वर्षं मागे जा. तोवर दिग्दर्शकाने स्वतःच तो मोकळा केलेला असण्याची शक्यता बरीच जास्त.

नावांचा दुसरा स्रोत म्हणजे निवड करून देणारी ठिकाणं. `Vimeo`वरच्या `Staff Picks` आणि `Short of the Week` या दोन्हींकडे माणसांनी बघून निवडलेलं असतं आणि प्रत्येक नावासोबत लांबी दिसते. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डचं `nfb.ca` हे तर या कामासाठी खजिनाच आहे. कित्येक जुने ॲनिमेशनपट तिथे फुकट, चांगल्या प्रतीत आणि बिनजाहिरातीचे आहेत. आपल्याकडच्या फिल्म्स डिव्हिजनचेही अनेक लघुपट यूट्यूबवर आहेत. सगळेच पाहण्यासारखे नाहीत, सरकारी सूर बराच आहे. पण प्रमोद पती यांचे साठच्या दशकातले प्रयोग बघितले की हे सरकारी खात्यातून बाहेर कसं पडलं असा प्रश्न पडतो.

तिसरा मार्ग आयएमडीबीचा. मिनिटांची चाळणी लावून नावं काढायची असतील, तर ब्राउझरमध्ये हा पत्ता टाका:

```
https://www.imdb.com/search/title/?title_type=short&runtime=5,9&sort=num_votes,desc
```

यात पाच ते नऊ मिनिटांचे लघुपट, जास्त मतं पडलेले आधी, असे येतात. `5,9` हे आकडे आपल्या मर्यादेप्रमाणे बदला. इथे लघुपट बघायला मिळत नाही, नाव आणि साल मिळतं. दोन्ही उतरवून घ्या, कारण एकाच नावाचे लघुपट पैशाला पासरी असतात.

सावध: एका बैठकीत दहा-बारा नावं पुरे. जास्त गोळा केलीत तर पुढची तपासणी होत नाही आणि यादी तशीच पडून राहते.

## ३. नाव मिळालं, आता प्रत तपासा

नाव, साल आणि दिग्दर्शकाचं आडनाव असं तिन्ही टाकून यूट्यूबवर शोधा आणि `Filters`मध्ये कालावधीचा मधला टप्पा निवडा, म्हणजे २० मिनिटांपर्यंतचा. फार कचरा येत असेल तर नको असलेल्या शब्दांपुढे वजाचं चिन्ह लावा:

```
"Glas" 1958 Haanstra -trailer -reaction -explained
```

मराठी लघुपट शोधताना देवनागरी आणि रोमन, दोन्ही लिपींत शोधा. निकाल बरेच वेगळे येतात, कारण व्हिडिओ चढवणाऱ्याने नाव कुठल्या लिपीत लिहिलं त्यावर ते अवलंबून असतं.

आता समोर चार प्रती आल्या. कुठली घ्यायची? आधी वाहिनीचं नाव बघा. दिग्दर्शक, निर्मिती संस्था, महोत्सव किंवा संग्रहालय यांच्यापैकी कुणाची असेल तर ती घ्या. मग लांबी ताडून बघा. यादीत दहा मिनिटं लिहिलंय आणि प्रत नऊ मिनिटं छत्तीस सेकंदांची आहे, तर घाबरू नका. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट २५च्या वेगाने चालवला की सुमारे चार टक्के वेळ कमी होतो, युरोपातल्या जुन्या टीव्ही प्रतींत हे नेहमीचं. पण दहाच्या जागी सात मिनिटं दिसली तर काहीतरी कापलेलं आहे, आणि चौदा दिसली तर कुणीतरी आपली बडबड जोडली आहे. चित्राच्या कडा कापलेल्या किंवा चित्र आरशातल्यासारखं उलटं असेल, तर ती ढापलेली प्रत. सोडून द्या.

जाहिरातींचा एक हिशेब फार थोड्यांना माहीत असतो. यूट्यूबवर आठ मिनिटं किंवा त्याहून लांब व्हिडिओच्या मधोमध जाहिरात टाकता येते, त्याहून आखूड व्हिडिओत ती फक्त आधी किंवा नंतर येते. म्हणजे सात मिनिटं पन्नास सेकंदांचा लघुपट अखंड बघता येतो, आणि आठ मिनिटं दहा सेकंदांच्या लघुपटात ऐन शांततेत कुणीतरी कर्ज विकायला येऊ शकतं. जाहिराती चालू असलेल्या खात्यावर बघत असाल तर आठच्या आतला निवडण्याचं हेही एक सबळ कारण. आठच्या वरचा असेल आणि तोच लघुपट व्हिमिओवर किंवा संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर मिळत असेल, तर तिथला दुवा ठेवा.

तपासा: पहिली वीस सेकंदं चालवून बघा. सबटायटल्स आहेत का, आवाज धड आहे का, एवढंच. पुढे बघत बसू नका, नाहीतर सोमवारी बघायचा रविवारीच संपतो.

## ४. अँथॉलॉजी घेताना आधी भागाकार करा

एका मोठ्या चित्रपटात चार-पाच वेगळ्या कथा असतात, मग सुट्टीत एकेक बघू, हा विचार बरोबर आहे. पण बहुतेक हिंदी-मराठी अँथॉलॉजी इथे नापास होतात. एकूण मिनिटांना कथांच्या संख्येने भागा. 'बॉम्बे टॉकीज'मध्ये दोन तासांत चार कथा आहेत, म्हणजे एकेक अर्ध्या तासाची. कवितांवर बेतलेल्या मराठी 'बायोस्कोप'मध्येही चारच. २००७च्या 'दस कहानियाँ'मध्ये दहा कथा आहेत, तो सरासरी बारा मिनिटांपर्यंत येतो, म्हणजे मोठ्या सुट्टीपुरता. भागाकार दहाच्या खाली आला तरच पुढे जायचं.

'पॅरिस, ज तेम' हा २००६चा चित्रपट या भागाकारात चांगला उतरतो. दोन तास, अठरा कथा, म्हणजे श्रेयनामावली धरूनही एकेका कथेला सात मिनिटांहून कमी. प्रत्येक कथा पॅरिसच्या एका भागात घडते आणि तिचा दिग्दर्शक वेगळा. तो वापरायचा कसा ते नीट सांगतो, कारण हीच रीत दुसऱ्या कुठल्याही अँथॉलॉजीला लागू पडते.

आधी विकिपीडियावरून कथांची नावं, क्रम आणि दिग्दर्शक वहीत उतरवा. मग चित्रपट चालू करून पट्टी सरकवत जा आणि प्रत्येक कथा जिथे सुरू होते तिथली वेळ नावापुढे लिहा. कथा बदलली की भाग आणि दिग्दर्शक यांची नावं पडद्यावर येतात, त्यामुळे हे काम पंधरा-वीस मिनिटांत होतं. पुढच्या कथेच्या वेळेतून आधीची वजा केली की प्रत्येकीची नेमकी लांबी मिळते. सरासरीवर विसंबू नका. एखाद्या संग्रहात एक कथा चार मिनिटांची आणि दुसरी चौदाची असू शकते.

आता निवड. कोएन बंधूंची 'त्विलरी' ही कथा एका मेट्रो स्थानकात घडते. एक अमेरिकन पर्यटक फलाटावर बसून प्रवासी मार्गदर्शिका वाचतोय, आणि इथे कुणाच्या नजरेला नजर देऊ नका असं तीत लिहिलेलं असतानाच समोरच्या फलाटावरच्या जोडप्याकडे त्याची नजर जाते. तो स्वतः जवळजवळ बोलतच नाही, सगळं चेहऱ्यावर. गोंगाटाच्या कँटीनलाही चालते. वॉल्टर सालेस आणि दानिएला थॉमस यांची कथा वेगळ्या जातीची आहे. एक तरुण आई पहाटे आपल्या बाळाला पाळणाघरात अंगाई म्हणून ठेवते, मग शहर ओलांडून दुसऱ्याचं बाळ सांभाळायला जाते आणि तीच अंगाई त्या बाळासाठी म्हणते. आवाज नसेल तर ही कथा हाती लागत नाही. तिच्यासाठी इअरफोन हवेत, आणि नंतर लगेच मीटिंग नसलेली बरी.

शेवटची कथा मात्र शेवटीच बघा. अलेक्झांडर पेन यांची ती कथा संपली की चित्रपट आधीच्या पात्रांकडे पुन्हा एकदा वळतो, आणि ती आधी बघितलीत तर ते चेहरे अनोळखी राहतात. अँथॉलॉजीत कथांचा क्रम मोडायला हरकत नसते, पण पहिला आणि शेवटचा तुकडा बहुधा चौकटीचा असतो हे लक्षात ठेवा.

सावध: सगळ्या अनेक-कथा-पटांना अँथॉलॉजी समजू नका. काहींत चार कथा एकमेकींत विणलेल्या असतात, पाच मिनिटं हिची, पाच मिनिटं तिची. असा चित्रपट सुट्टीत तोडून बघितला तर कुठलीच कथा हाती लागत नाही. पट्टी सरकवताना तेच चेहरे परत परत दिसू लागले तर तो चित्रपट या यादीतून काढा.

मालिकेच्या रूपातली अँथॉलॉजी त्या मानाने सोपी, कारण तुकडे आधीच पाडलेले असतात. नेटफ्लिक्सवरच्या 'लव्ह, डेथ अँड रोबॉट्स'च्या २०१९च्या पहिल्या पर्वात अठरा भाग आहेत, सहा ते सतरा मिनिटांचे, आणि कुठूनही सुरू केले तरी चालतात. मात्र ही मालिका प्रौढांसाठीची आहे. नग्नता आणि रक्तपात दोन्ही भरपूर, तेव्हा ऑफिसच्या टेबलावर उघडताना मागे कोण उभं आहे ते बघा.

## ५. आठवड्याची यादी लावा

इथे लांबीइतकाच मूड बघावा लागतो. एक उदाहरण घेऊ. हिंजवडीतलं ऑफिस, सकाळी अकराची दहा मिनिटं, जागा गोंगाटाची. मर्यादा आठ मिनिटं, आणि संवाद शक्यतो नकोत.

सोमवारी रायन लार्किन यांचा 'वॉकिंग', १९६८चा, पाच मिनिटांचा, नॅशनल फिल्म बोर्डचा. त्यात माणसं फक्त चालतात, पण प्रत्येकाची चाल निराळी आणि रेषाही निराळी. डोकं हलकं होतं. मंगळवारी 'एक अनेक और एकता', १९७४ची. विजया मुळे यांची ही फिल्म दूरदर्शनवर वाढलेल्या पिढीला 'एक चिड़िया' म्हणून पाठ आहे. गाणं मनात वाजणारच, आवाज नसला तरी चालतं. आठाच्या आत बसते.

नॉर्मन मॅक्लॅरेन यांचा 'नेबर्स', १९५२चा, बरोबर आठ मिनिटांचा आहे आणि त्यात संवाद नाहीत. जिवंत माणसांना बाहुल्यांसारखं एकेका चौकटीत हलवून केलेला हा लघुपट कागदावर अगदी फिट बसतो. दोन शेजारी, मधोमध उगवलेलं एक फूल आणि त्यावरून भांडण. पण शेवटाकडे तो फार हिंसक होतो. भांडणाऱ्या दोन टीममधल्या मीटिंगच्या आधी मी तो कुणाला सुचवणार नाही. बुधवारऐवजी शुक्रवारी लावा.

बुधवारी आणि गुरुवारी 'पॅरिस, ज तेम'मधल्या दोन कथा, आधी त्विलरी, मग जमलं तर जागा बदलून अंगाईची.

बेर्ट हान्स्ट्रा यांचा 'ग्लास' या यादीत कुठेच बसत नाही, कारण तो अकरा मिनिटांच्या आसपास आहे. तरी तो सोडू नका, पंधराच्या सुट्टीसाठी वेगळा ठेवा. १९५८चा हा डच माहितीपट काचेच्या कारखान्यात घडतो. फुंकणाऱ्या कारागिरांच्या फुगलेल्या गालांची दृश्यं जॅझच्या तालावर जोडलेली आहेत. मग यंत्रं येतात, एका बाटलीचा गळा तुटतो, यंत्राला त्याचा पत्ताच नसतो आणि मागून येणाऱ्या बाटल्या धडाधड फुटत राहतात, एका माणसाचा हात मध्ये येईपर्यंत. निवेदन नाही, त्यामुळे भाषेची अडचणही नाही.

तपासा: यादीत एकापाठोपाठ दोन जड लघुपट आलेत का? आले असतील तर मध्ये हलका घाला. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: दुवा, गोष्टीची खरी लांबी, आवाज लागतो की नाही, आणि अँथॉलॉजी असेल तर सुरुवातीची वेळ. नुसती नावं लिहिलीत तर सोमवारी परत शोधपेटीच उघडाल.

## ६. प्रत्यक्ष सुट्टीत

सुट्टीत निवड करायची नाही. त्या दिवसाचा दुवा उघडायचा आणि चालवायचा. आवडेना झाला तर दोन मिनिटांनी बंद करून चहा प्या, दुसरा शोधायला जाऊ नका.

ऑटोप्ले आधीच बंद करून ठेवा. यूट्यूबवर व्हिडिओच्या पट्टीवरच त्याचं बटण असतं, नेटफ्लिक्सवर ते प्रोफाइलच्या सेटिंग्जमध्ये आहे. यूट्यूबवर स्वतःची प्लेलिस्ट केली असेल तर तीही पुढचा व्हिडिओ आपोआप लावते, म्हणून प्लेलिस्टमधून न चालवता वहीतला दुवा सुटा उघडलेला चांगला. लोकलमध्ये किंवा घाटातल्या बसमध्ये बघणार असाल तर ॲपमध्ये आदल्या रात्री डाउनलोड करा. नेट गेल्यावर आठ मिनिटांचा लघुपट अर्धा तास फिरत राहतो.

वेळ वाचवायला दीडपट वेगाने लावणारे बरेच आहेत. माहितीच्या व्हिडिओला ते खपतं. लघुपटात शांतता किती सेकंदांची ठेवायची हे मोजून ठरवलेलं असतं, 'वॉकिंग'मध्ये तर चालण्याचा वेग हाच विषय आहे. वेळ बसत नसेल तर आखूड लघुपट निवडा.

वेळ मध्येच संपली तर कुठे थांबलात ती वेळ वहीत लिहा, पण पुढच्या सुट्टीत तिथून सुरू करू नका. पहिल्यापासून लावा. आठ मिनिटांच्या गोष्टीत पहिल्या तीन मिनिटांतलं काहीतरी शेवटाला लागतंच. हे वारंवार व्हायला लागलं तर पहिल्या टप्प्यावरची मर्यादा आठावरून सहावर आणा आणि आयएमडीबीच्या पत्त्यातले आकडे `3,6` करून यादी नव्याने काढा.